मिठी की पंधरापट?

ऑफिसात त्याला सगळे 'रुमाल' म्हणायचे. खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. जाहिरात कंपनीत तो कॉपीरायटर होता, म्हणजे जाहिरातीतले शब्द लिहिणारा, आणि त्याची जाहिरात बघितली की लोक खिशात रुमाल शोधायचे. साबण असो, पंखा असो नाहीतर गादी असो, ह्याच्या हातात गेलं की त्यात एक म्हातारी आई यायचीच, नाहीतर परगावी निघालेली लेक. मालक म्हणायचे, "ह्याला खिळे विकायला सांगा, हा खिळ्याला टांगलेला बाबांचा फोटो दाखवेल!" मालक हसायचे, पण पोरगा खपवतो हे त्यांनाही माहीत होतं.

त्याच्या समोरच्या टेबलावर बसायची फुटपट्टी. लोक काय घेतात, का घेतात, का घेत नाहीत, हे मोजून सांगणं हे तिचं काम. तीही त्याच्याच वयाची, तोंडानं फटकळ आणि मनानं सरळ. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं, पण चहा रोज एकत्रच व्हायचा.

तर ह्या दोघांच्या मध्ये येऊन पडली एक विमा योजना. विमा कंपनीला नव्या आईबाबांसाठी मुदत विमा बाजारात आणायचा होता. भानगड सोपी असते: ठरलेली वर्षं हप्ता भरायचा, त्या वर्षांत भरणारा गेला तर घरच्यांना मोठी रक्कम, आणि सुखरूप राहिला तर परत काही मिळत नाही. म्हणूनच हप्ता कमी. आता कमी हप्ता असून लोक घेत का नाहीत? इथंच तर सगळं घोडं अडलेलं.

"कारण मरणाचा विषय आहे," रुमाल म्हणाला. "गणित सगळ्यांना येतं गं. येतं आणि तरी पुढच्या महिन्यावर ढकलतात. काळजाला हात घातल्याशिवाय माणूस उठत नाही." आणि त्यानं ओळ लिहिली: 'तुमच्यानंतरही, तुमची मिठी.'

"काळजाला हात घातलास की माणूस उठतो खरा," फुटपट्टी म्हणाली, "पण पळून जातो! तान्ह्या पोराचे आईबाप आधीच घाबरलेले असतात. पोर शिंकलं तरी त्यांना झोप लागत नाही. त्यांना आणखी घाबरवू नकोस, हातात धरायला काहीतरी दे." तिच्या सांगण्यावरून दुसरी ओळ तयार झाली: 'वर्षाच्या कमाईच्या पंधरापट संरक्षण, रोजच्या चहाच्या खर्चात.'

दोन्ही ओळी विमा कंपनीच्या कायदे बघणाऱ्या माणसाकडे गेल्या. त्याला सगळे 'लाल पेन' म्हणत. चहाच्या ओळीवर त्यानं चांदणी काढली आणि खाली बारीक अक्षरात लिहायला लावलं की हा दर तिशीतल्या, धूम्रपान न करणाऱ्या माणसासाठी आहे. मिठीच्या ओळीशेजारी त्यानं एवढंच लिहिलं: 'मिठी म्हणजे नेमका कोणता लाभ?' रुमाल पोट धरून हसला. "बघ, कुठल्या मातीची माणसं असतात ही!" पुढं हाच प्रश्न आपल्याला रडवणार आहे हे त्याला तेव्हा काय ठाऊक!

मालक मात्र हसले नाहीत. त्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि खुर्ची दिली. मालक खुर्ची देतात तेव्हा बातमी चांगली नसते.

"हे बघ, विमावाले आपल्याला शेवटची संधी देतायत. नवे साहेब आकड्यांतले आहेत, त्यांना तुझं रडगाणं नकोय. मी भांडून तुझी ओळ चाचणीपर्यंत नेली. पण ती पडली, तर मला दोन लेखक परवडायचे नाहीत रे. रागानं बोलत नाहीये. आधी सांगून ठेवतो."

रुमाल 'बरं' म्हणून बाहेर आला आणि जिन्यात जाऊन चोरून एक सिगरेट ओढली. घरी लेक नुकती रांगायला लागलेली. बायकोनं तिच्यासाठी नोकरी सोडलेली, निदान दुधाचे दात येईपर्यंत तरी. घरात येणारा पगार एकच, आणि तो आता एका ओळीला लटकला होता. बायकोला त्यानं ह्यातलं काही सांगितलं नाही. तिनं विचारलं तर तो विनोद करायचा. विनोद त्याला पटकन सुचायचे, हीच त्याची अडचण होती.

चाचणी म्हणजे गटचर्चा. एका खोलीत योजना ज्यांच्यासाठी आहे तशी माणसं बसवायची. त्यांच्याशी बोलायला एक कसलेली बाई, तिला मॉडरेटर म्हणतात. एका भिंतीला मागून आरपार दिसणारा मोठा आरसा, आणि आरशामागं अंधाऱ्या खोलीत जाहिरातवाले आणि कंपनीवाले, बिस्किटं खात सगळं बघत बसलेले. आलेल्यांना हे सांगितलेलं असतं, चोरून काही नसतं. नियम मात्र कडक. चर्चेला येणाऱ्याच्या घरातलं कुणी जाहिरातीत नको, विम्यात नको, आणि गटात ओळखीपाळखीचं कुणी नको. माणसं गोळा करणाऱ्या बायका हे प्रश्न आधी विचारून घेतात आणि मगच बोलावतात.

पहिला गट बापांचा होता. त्यांना आधी पंधरापटीचं कार्ड दाखवलं, मग मिठीचं. पुढच्या गटाला उलट दाखवायचं, म्हणजे आधी दिसल्याचा फायदा एकाच ओळीला मिळत नाही. पंधरापट वाचून बापांनी माना डोलावल्या. "स्पष्ट आहे," म्हणाले. थोड्या वेळानं मॉडरेटरनं कार्ड झाकून विचारलं, "काय लिहिलं होतं?" तर एकाला चहा आठवला, एकाला पंधरा आठवले, बाकीचे छताकडं बघायला लागले. मग मिठीचं कार्ड आलं. एका दाढीवाल्या बापानं ते वाचलं, हलकेच टेबलावर पालथं घातलं आणि म्हणाला, "छान आहे." त्यानंतर त्यानं त्या कार्डाला हात लावला नाही.

"पालथं घातलं," फुटपट्टी अंधारात पुटपुटली.

"छान म्हणाला," रुमाल पुटपुटला.

साहेबांनी वहीत काहीच लिहिलं नाही. म्हणजे बरोबरी. मालक रुमालच्या कानाशी लागले, "आता आया येतायत. आया आपल्याच. धीर धर."

दार उघडलं आणि आया एकेक करून आत आल्या. पहिली आली, दुसरी आली, तिसरी आली आणि रुमालच्या हातातलं बिस्किट चहात पडलं.

तिसरी त्याची बायको होती.

तिनं निळा कुडता घातला होता, तो त्यानंच आणलेला. ती सरळ आरशापाशी आली, कपाळावरची बट मागं सारली आणि आरशात, म्हणजे थेट ह्याच्या डोळ्यांत, बघून हसली. सकाळीच ती म्हणाली होती, "संध्याकाळी मलाही एक काम आहे, पिल्लूला आईकडे ठेवते." ह्यानं विचारलं नव्हतं कसलं काम. तिनंही विचारलं नव्हतं तुझी मीटिंग कसली. गोपनीय म्हणून तो घरी कामाचं बोलतच नसे.

आता खरं तर त्यानं त्याच क्षणी उठून सांगायला हवं होतं. नियम त्याला तोंडपाठ होता. पण मन मोठं लबाड असतं हो! त्याचं मन म्हणालं, थांब जरा. ही तुझ्या पंख्याच्या जाहिरातीला रडली होती. ही मिठीलाच मत देणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि तो गप्प बसला. नोकरी जायची वेळ आली की भलीभली माणसं गप्प बसतात, हा तर रुमाल होता.

मॉडरेटरनं मिठीचं कार्ड दिलं. दोघीतिघींनी वाचलं आणि नाक ओढलं. मालकांनी अंधारात रुमालची मांडी दाबली. बायको मात्र कार्डाकडं बराच वेळ बघत राहिली.

"तुम्हाला काय वाटलं?" मॉडरेटरनं तिला विचारलं.

"आधी रडू आलं," बायको म्हणाली. "मग राग आला."

"राग कशाचा?"

"मिठी कोण देणार? कंपनी? अहो, माझ्या नवऱ्याची मिठी त्याच्याजवळ आहे. ती त्याला दुसऱ्या कुणाला देऊन ठेवता येणार नाही आणि मला दुसऱ्या कुणाकडून घ्यायची नाही. देव न करो, तो नसला तर मिठी नसणार. ते मला भोगावंच लागेल. त्याचं सोंग कशाला? तुम्ही काय देणार तेवढं सांगा ना!"

आरशामागं रुमालच्या डोळ्यांपुढं ते लाल अक्षर आलं: मिठी म्हणजे नेमका कोणता लाभ?

साहेब पुढं सरकून बसले. "मग हिला दुसरं कार्ड आवडणार," ते खुशीत म्हणाले.

दुसरं कार्ड आलं. बायकोनं वाचलं आणि हसली.

"पंधरापट म्हणजे पुष्कळ झाले, नाही का? मला तर भीतीच वाटेल. एवढी रक्कम एकदम हातात आली की माझे दीर येतील, माझे मामा येतील, कधी न बघितलेले काका येतील. हा म्हणेल घर घे, तो म्हणेल मला दे, दुप्पट करून देतो. आणि मी त्या वेळी कुठल्या अवस्थेत असेन? मला तेव्हा शहाणपण सुचणार आहे का?"

एक दुसरी आई लगेच म्हणाली, "माझ्या बहिणीचं अगदी अस्संच झालं!"

"मग काय हवं?" मॉडरेटरनं विचारलं.

बायकोनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. हे ती घरी काहीतरी मनापासून सांगायच्या आधी करते, हे फक्त आरशामागच्या एका माणसाला माहीत होतं.

"मला एक तारीख कळते," ती म्हणाली. "एक तारखेला पगार येतो. मग भाडं जातं, दूध, औषधं, आणि उरलं तर महिना तरतो. आमचं सगळं घर त्या एक तारखेवर उभं आहे. तो नसला तर बाकी सगळं चुकेल हो, माझं सगळंच चुकेल. पण तेवढी एक तारीख चुकायला नको. माझ्या पोरीला ती चुकलेली कळायला नको. एवढंच कुणी देणार असेल तर आज सही करते."

आयांचा गट एकदम बोलायला लागला. एकीचं दुसरीला ऐकू येईना. आरशामागं फुटपट्टीनं योजनेचं माहितीपत्रक चाळायला घेतलं होतं. मागच्या पानावर, कुणीच न वाचलेल्या जागी, लिहिलं होतं: 'मासिक उत्पन्न पर्याय'. म्हणजे दावा मंजूर झाल्यावर थोडी रक्कम ताबडतोब आणि बाकीची दरमहा, मूल एकवीस वर्षांचं होईपर्यंत. तिनं पान साहेबांपुढं धरलं आणि बोट ठेवलं. "साहेब, हे तर आपल्याकडं आहे! आपण ते लपवून ठेवलंय!"

तिकडं मॉडरेटर विचारत होती, "घरी ह्या विषयावर बोलणं झालंय?"

"नाही हो," बायको म्हणाली. "मी विषय काढला की तो विनोद करतो. त्याला वाटतं मी घाबरेन. मी कशाला घाबरू? मी बाळंत झालेली बाई आहे! मला भीती वाटते ती वेगळी. तो सगळं एकटा उचलतो. हल्ली ऑफिसात काहीतरी बिनसलंय, मला दिसतं ना. झोपेत दात खातो. पण आला की पोरीला डोक्यावर बसवून नाचतो, मला हसवतो. खूप चांगला आहे तो. त्यानं मला नुसतं सांगितलं ना, की मलाही भीती वाटते, तरी माझा निम्मा भार हलका होईल."

रुमालनं खिशात हात घातला. ऑफिसात ज्याचं नावच रुमाल, त्याच्याजवळ त्या दिवशी रुमाल नव्हता. फुटपट्टीनं न बघता आपला पुढं केला.

चर्चा संपत आली की मॉडरेटर आरशामागं येऊन विचारते, तुम्हाला आणखी काही विचारायचंय का. ती आत आली तेव्हा साहेब उभेच होते. "ती निळ्या कुडत्यातली बाई! काय बोलली! हे सगळं रेकॉर्डिंग मला संचालकांपुढं लावायचंय. हा एकच गट पुरे आहे."

मालक म्हणाले, "ओळ आमचा रुमाल लगेच लिहून देईल. लिहिशील ना रे?"

म्हणजे झालं! नोकरी वाचली. फक्त तोंड बंद ठेवायचं. बायकोचं बोलणं आपल्या नावावर खपवायचं, आणि तिनं अनोळखी बाईपाशी उघडलेलं मन संचालकांच्या मोठ्या पडद्यावर लागू द्यायचं. रुमालनं आरशातून बघितलं. बायको शेजारच्या आईला मोबाइलवर पिल्लूचा फोटो दाखवत होती.

"हा गट धरता येणार नाही," तो म्हणाला. "ती माझी बायको आहे."

मॉडरेटरनं हातातली नावांची यादी चाळली. "अरे देवा. काल ऐन वेळी एकीचं बाळ तापलं म्हणून आमच्या बाईनं लसीकरणाच्या रांगेतून दुसरी आई आणली. घाईत घरातल्यांचं काम विचारायचं राहिलं असणार. चूक आमची आहे."

"आणि माझीही," रुमाल म्हणाला. "ती आत आली तेव्हाच मी सांगायला हवं होतं. मला वाटलं ती माझ्या बाजूनं बोलेल. म्हणून गप्प बसलो."

मालकांचा चेहरा लाल झाला. साहेबांपुढं शोभा झाली होती. "तू बसवलीस का रे तिला? खरं सांग!"

रुमाल काही बोलायच्या आत फुटपट्टी उठली. "मालक, जरा डोकं चालवा. ह्यानं बसवली असती, तर तिनं ह्याचीच ओळ अशी धोपटून वाळत घातली असती का? मी एवढी वर्षं ह्याच्याशी भांडतेय, मला एवढं नाही जमलं!"

साहेबांना आधी खोकला आला, मग हसू फुटलं. हसण्याची लागण होते. मालकही नाइलाजानं हसले.

"पण नियम तो नियम," फुटपट्टी पुढं म्हणाली. "तिचं मत मोजायचं नाही. हा गट अहवालात घ्यायचा नाही, रेकॉर्डिंग पुसायचं. नवे आईबाप बोलवायचे आणि त्यांच्यापुढं दोन नाही, तीन कार्डं ठेवायची. विचार कुठून आला ह्याला नियमाची हरकत नाही. तो टिकतो की नाही, ते अनोळखी माणसं ठरवतील."

साहेबांनी रुमालकडं जरा वेळ बघितलं. "तुम्ही बोलला नसता तर मला कळलंही नसतं," ते म्हणाले. "उद्या दावा मंजूर करायची वेळ आली की आमचा सगळा धंदा कशावर चालतो सांगू? माणसानं सुरुवातीला खरं सांगितलं होतं की नाही, ह्यावर. करा नवा गट."

बाहेर पडताना रुमाल फुटपट्टीला म्हणाला, "तुझे उपकार कसे फेडू?"

"रुमाल धुऊन परत दे," ती म्हणाली.

तो घरी पोचला तेव्हा बायको पिल्लूला भरवत होती. ओट्यावर डब्यांचा नवा कोरा संच होता.

"अरे, आज गंमत झाली," ती म्हणाली. "एका चर्चेला गेले होते. काल लसीच्या रांगेत एक ताई भेटल्या, त्यांनी बोलावलं. नुसतं बोलायचं आणि वर डबे मिळाले! तुला सांगितलं नाही, म्हटलं तू चिडवशील, आता काय भाषणं द्यायला लागलीस म्हणून."

तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला. विनोद सुचला होता, नेहमीसारखा लगेच. त्यानं तो गिळला.

"त्या आरशामागं मी होतो," तो म्हणाला. "मिठीवाली ओळ माझी होती."

तिचा चमचा हवेत राहिला. पिल्लूनं तोंड उघडून वाट बघितली आणि मग चमच्याकडं स्वतःच झेप घेतली.

"सगळं ऐकलंस?"

"सगळं."

"दात खातोस ते?"

"तेही. अगं, तिथल्या सगळ्यांनी ऐकलं! पण रेकॉर्डिंग पुसून टाकलं, मी समोर उभा राहून पुसून घेतलं."

तिनं वाटी बाजूला ठेवली. त्याला वाटलं आता रागावणार, आणि रागावली असती तर तिचं चुकलं नसतं. मग तिनं एक मोठा श्वास सोडला.

"बरं झालं," ती म्हणाली. "दोनदा सांगायचं वाचलं. आता तू बोल."

आणि तो बोलला. मालकांनी दिलेली खुर्ची, बंद केलेलं दार, ओळ पडली तर नोकरी जाणार, सगळं. मला भीती वाटते, हेही बोलला. इतक्या साध्या तीन शब्दांना त्याला इतके महिने लागले होते. ती ऐकत होती आणि मधूनच पिल्लूचं तोंड पुसत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "एवढंच ना? बघू. गेली नोकरी तर मी माझी परत धरेन, तू पिल्लूला सांभाळ. तुला तर नाचायला आवडतंच." त्याला तिचे पाय धरावेसे वाटले. त्यानं पिल्लूचे धरले, ते जवळ होते.

"तुझं ते एक तारखेचं वाक्य मी वापरू?" त्यानं विचारलं.

"माझं कसलं? घर चालवणाऱ्या सगळ्या बायकांचं आहे ते. वापर. पण आधी आपल्या घराला लाव, मग लोकांच्या भिंतीवर लाव."

नव्या गटांपुढं तीन कार्डं गेली. ह्या वेळी माणसं गोळा करणाऱ्या ताईंनी एकेकाला इतके प्रश्न विचारले की एका बापाला वाटलं लग्नाचं स्थळच बघायला आल्यात. क्रम प्रत्येक गटाला बदलला. तिसरं कार्ड असं होतं: 'त्यांची एक तारीख चुकणार नाही.' खाली साध्या अक्षरात: 'दावा मंजूर झाल्यावर, मूल एकवीस वर्षांचं होईपर्यंत, दरमहा उत्पन्न.' लाल पेननं त्या ओळीवर चांदणी काढली, दोनदा वाचली आणि बाकी काही खोडलं नाही. हे त्याच्या नोकरीत पहिल्यांदाच घडलं असं म्हणतात.

कुणी नाक ओढलं नाही आणि कुणी माना डोलावल्या नाहीत. पण एका बापानं ते कार्ड उचललं आणि परत ठेवलंच नाही. "हे आईलाही घेता येतं का? आमच्या घरी दोघांच्या एक तारखा आहेत," त्यानं विचारलं. दुसरीनं विचारलं, "मधेच हप्ता चुकला तर?" तिसऱ्यानं विचारलं, "हे कधीपासून मिळणार?" अंधाऱ्या खोलीत फुटपट्टीनं रुमालला कोपर मारलं. "ऐक. कौतुक नाही करत, प्रश्न विचारतायत. प्रश्न विचारणारा माणूस घेतो."

"म्हणजे तू जिंकलीस," रुमाल म्हणाला.

"मी कुठली? माझी चहाची ओळ तर कुणाला आठवलीसुद्धा नाही. वहिनी जिंकल्या."

साहेबांनी ओळ घेतली. मालकांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि ह्या वेळी खुर्ची दिली नाही, उभ्याउभ्याच पाठीवर थाप मारली.

त्याच आठवड्यात रुमालनं तोच विमा स्वतःसाठी घ्यायला काढला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर अर्ज उघडला, शेजारी बायको, मांडीवर पिल्लू. वय, उंची, वजन भराभर झालं. मग प्रश्न आला: धूम्रपान करता का? रुमालचं पेन अडलं.

"थांबलास का?" बायको म्हणाली. "लिही, हो."

"तुला माहीत होतं?"

"अरे, रोज जिना चढताना मूठभर बडीशेप खाणारा माणूस दुसरं काय करत असेल? लिही. खोटं लिहून तू मला एक तारीख देशील आणि कंपनीवाले नेमक्या त्याच वेळी दावा फेटाळतील."

त्यानं 'हो' लिहिलं. हप्ता एका चहावरून जवळजवळ दोन चहांवर गेला. "फुटपट्टीला सांगायला हवं," तो म्हणाला, "तिची ओळ आमच्या घरी खोटी ठरली." वारसाच्या रकान्यात त्यानं बायकोचं नाव लिहिलं, नातं लिहिलं आणि खाली सही केली. सही करताना त्याला त्या अंधाऱ्या खोलीची आठवण झाली. आपली बायको समोर बसून आपल्याबद्दल चांगलं बोलतेय आणि आपल्याला ते जिवंतपणी ऐकायला मिळतंय, हे भाग्य किती नवऱ्यांना मिळतं? तापलेल्या त्या अनोळखी बाळाचे, विसरभोळ्या त्या ताईंचे, त्याला सगळ्यांचे मनापासून आभार मानावेसे वाटले.

"एक सांगू?" बायको अर्जाची घडी घालत म्हणाली. "एक तारीख कंपनीकडं दे. पण मिठीचं काम तिच्याकडं द्यायचं नाही हं. ते तुझंच."

तो उठला आणि ते काम त्यानं तिथंच केलं. मधे सापडलेल्या पिल्लूनं आरडाओरडा करून घर डोक्यावर घेतलं.